रेझ्युमे कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या नावाने आणि मेलमध्ये काय लिहून पाठवावा?

प्रश्न: मी चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्स पेएबलचे काम बघते, पाच वर्षांचा अनुभव आहे. एका कन्सल्टन्सीतून फोन आला आणि "रेझ्युमे मेल करा" एवढेच सांगितले. शिवाय एका दुसऱ्या कंपनीच्या एचआरचा मेल आयडी मैत्रिणीने दिला आहे. पीडीएफ पाठवू की वर्ड? फाइलला नाव काय देऊ? आणि मेलमध्ये काही लिहायचे असते, की नुसते "पीएफए" लिहून चालते?

उत्तर: कन्सल्टन्सीला वर्ड आणि कंपनीच्या एचआरला पीडीएफ पाठवावी. एकाच रेझ्युमेच्या दोन फाइल का, हे समजण्यासाठी तुमचा मेल पोहोचल्यावर त्याचे पुढे काय होते ते आधी पाहू. मी पुण्यात सतरा वर्षे भरतीचे काम करतो आहे. त्यांतली पहिली सहा वर्षे कन्सल्टन्सीत गेली आणि नंतरची कंपन्यांच्या बाजूने, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना काय चालते ते रोज पाहिले आहे.

रिक्रूटर मेल उघडतो, जोडलेली फाइल उतरवून त्या जागेच्या फोल्डरमध्ये टाकतो आणि एक्सेलमधल्या ट्रॅकरमध्ये तुमच्या नावाची एक ओळ भरतो. संध्याकाळपर्यंत दहाबारा ओळी जमल्या की ट्रॅकर आणि सगळ्या फाइली एका नव्या मेलला जोडून ज्या विभागात जागा आहे तिथल्या व्यवस्थापकाकडे पाठवल्या जातात. तुम्ही लिहिलेला मेल बहुतेक वेळा रिक्रूटरच्या इनबॉक्समध्येच राहतो. म्हणजे फाइल एकीकडे जाते आणि मेल दुसरीकडे राहतो. म्हणून फाइल एकटी पडली तरी ती कोणाची आणि कशासाठीची आहे हे तिच्यावरूनच कळले पाहिजे, आणि ट्रॅकरची ओळ भरायला जी माहिती लागते पण रेझ्युमेत नसते ती मेलमध्ये मिळाली पाहिजे.

आता वर्डबद्दल. कन्सल्टन्सीला तिचे शुल्क उमेदवार रुजू झाल्यावर कंपनीकडून मिळते, त्यामुळे पुढे पाठवताना ती तुमचा मोबाइल नंबर आणि मेल आयडी काढून टाकते आणि पानाच्या माथ्यावर स्वतःचा लोगो लावते. पीडीएफमध्ये हे करणे कटकटीचे असते. मी कन्सल्टन्सीत असताना पीडीएफ आली की आम्ही ती कुठल्यातरी साधनाने वर्डमध्ये बदलायचो, आणि त्यात ओळी विस्कटायच्या, तक्त्यातल्या तारखा भलत्याच नोकरीसमोर जाऊन बसायच्या. तो विस्कटलेला कागद उमेदवाराच्या नावाने कंपनीत पोहोचायचा आणि उमेदवाराला त्याचा पत्ताही नसायचा. तुम्ही स्वतःच नीट मांडलेली `.docx` फाइल दिली तर हे टळते. जुनी `.doc` फाइल देऊ नये. ती हल्लीच्या वर्डमध्ये उघडते खरी, पण कॉम्पॅटिबिलिटी मोडमध्ये, आणि मांडणी हलण्याची शक्यता वाढते.

वर्डच्या फाइलमध्ये मात्र एक धोका असतो, तो म्हणजे तिच्या पोटात काय काय राहून जाते ते आपल्याला दिसत नाही. एकदा माझ्याकडे आलेल्या एका रेझ्युमेत ट्रॅक चेंजेस चालूच राहिले होते आणि समासात उमेदवाराच्या मित्राची टिप्पणी होती, "हा गॅप इथे दिसू देऊ नकोस." उमेदवार चांगला होता आणि तो सात महिन्यांचा खंड घरातल्या आजारपणामुळे पडला होता, जे विचारल्यावर सहज सांगता आले असते, पण व्यवस्थापकाने मुलाखतीआधीच ती टिप्पणी वाचली होती, आणि मुलाखतीचा निम्मा वेळ त्यातच गेला. म्हणून पाठवण्यापूर्वी फाइलची एक प्रत करून तीत वर्डमधल्या `File > Info > Check for Issues > Inspect Document` या वाटेने टिप्पण्या, पुसलेला मजकूर आणि लपलेली माहिती काढून टाकावी. त्याच पानावर `Author` या ठिकाणी कोणाचे नाव आहे तेही पाहावे. मैत्रिणीच्या रेझ्युमेवरून आपला तयार केला असेल तर तिथे हमखास तिचेच नाव असते.

कंपनीच्या एचआरच्या बाबतीत मात्र पीडीएफच योग्य. तिथे कोणाला तुमचा नंबर खोडायचा नसतो, आणि फाइल अनेकदा मोबाइलवर, बैठकीच्या मधल्या वेळेत उघडली जाते. वर्डची फाइल मोबाइलवर वेगळी दिसते, तुम्ही वापरलेला फाँट समोरच्या यंत्रात नसला तर दुसरा घेतला जातो, आणि दोन पानांचा रेझ्युमे दोन ओळींसाठी तिसऱ्या पानावर सांडतो. पीडीएफमध्ये हे होत नाही. पण पीडीएफ आहे म्हणजे ती वाचता येतेच असे नाही, आणि बहुतेकांची चूक नेमकी इथेच होते.

पीडीएफ दोन प्रकारची असते. एकीत अक्षरे अक्षरे म्हणून साठवलेली असतात, तर दुसरीत पानाचा फक्त फोटो असतो. छापलेल्या रेझ्युमेचा मोबाइलने फोटो काढून केलेली पीडीएफ दुसऱ्या प्रकारची. डिझाइनच्या संकेतस्थळांवर बनवलेला रेझ्युमे उतरवताना `Flatten PDF` हा पर्याय निवडला गेला असेल तर तीही तशीच होते. माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात. पण कंपनीची भरतीची प्रणाली किंवा रिक्रूटरचा संगणक जेव्हा शेकडो फाइलींमध्ये एखादा शब्द शोधतो, तेव्हा फोटोतले शब्द त्याला सहसा सापडत नाहीत.

हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. पीडीएफ उघडावी, `Ctrl+A` आणि `Ctrl+C` करावे, आणि कोऱ्या नोटपॅडमध्ये `Ctrl+V` करावे. काहीच उमटले नाही तर ती फोटोची फाइल आहे. उमटले तर ते वरपासून खालपर्यंत वाचावे, कारण यंत्राला तुमचा रेझ्युमे साधारण असाच दिसतो. दोन रकान्यांचा नमुना वापरला असेल तर डावीकडचे कौशल्याचे शब्द उजवीकडच्या नोकरीच्या वर्णनात घुसलेले दिसतील. नाव आणि मोबाइल नंबर सजवलेल्या चौकटीत ठेवले असतील तर ते कधी सगळ्यात शेवटी येतात, कधी येतच नाहीत. यावर इलाज एकच, तो म्हणजे एका रकान्याची साधी मांडणी करणे आणि नाव-नंबर पानाच्या हेडरमध्ये न ठेवता मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहिणे, कारण काही प्रणाली हेडर आणि फूटर वाचतच नाहीत.

तुमच्या कामाशी संबंधित एक खोड इथे मुद्दाम सांगतो. वर्डमध्ये कॅलिब्री फाँट असेल आणि पीडीएफ छपाईच्या वाटेने, म्हणजे `Print` करून प्रिंटरच्या जागी `Microsoft Print to PDF` निवडून बनवली असेल, तर `t` आणि `i` ही जोडून आलेली अक्षरे काही वेळा एकाच जोडचिन्हात बदलतात. डोळ्यांना शब्द बरोबर दिसतो, पण नोटपॅडमध्ये चिकटवल्यावर असा उमटतो:

```
Vendor reconciliaƟon
```

अकाउंट्स पेएबलच्या जागेसाठी रिक्रूटर जे शब्द शोधतो त्यांत `reconciliation` अगदी वरच्या क्रमांकावर असतो. तुमच्या रेझ्युमेत तो चार वेळा असूनही शोधात फाइल येणार नाही, आणि का आली नाही हे कोणालाच कळणार नाही. असे दिसले तर `File > Save As` मध्ये जाऊन प्रकार `PDF` निवडून फाइल पुन्हा बनवावी. तरीही खोड राहिली तर एरियलसारखा साधा फाँट घेऊन पुन्हा तपासावे.

याच जातीची आपल्याकडची एक जुनी अडचण आहे. गावाकडच्या डीटीपी केंद्रातून बायोडेटा करून घेतला असेल आणि त्यात संस्थेचे किंवा पदवीचे नाव मराठीत असेल, तर ते पुष्कळदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेले असते. नोटपॅडमध्ये तिथे निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ दिसते. मराठी मजकूर हवाच असेल तर तो युनिकोडमध्ये टाइप करून घ्यावा. अकाउंट्सच्या नोकरीसाठी बहुधा त्याची गरजही नसते.

फाइल तयार झाल्यावर ती एकदा ब्राउझरमध्ये उघडून टॅबवर काय दिसते ते पाहावे. पीडीएफच्या आत शीर्षकाची एक वेगळी जागा असते, आणि फाइलचे नाव काहीही असले तरी ब्राउझर पुष्कळदा तेच शीर्षक दाखवतो. मी एका मुलीचा रेझ्युमे उघडला तेव्हा टॅबवर दुसऱ्याच मुलाचे नाव आणि "फ्रेशर" असे लिहिलेले होते, कारण तिने त्याची फाइल घेऊन आतला मजकूर बदलला होता. वर्डमध्ये `File > Info` या पानावर `Title` समोर स्वतःचे नाव लिहून मग पीडीएफ बनवली की हे मिटते.

बाकीच्या प्रकारांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. आयफोन किंवा मॅकवरची `.pages` फाइल विंडोजवाल्या कार्यालयात सरळ उघडत नाही. झिप करू नये आणि पासवर्ड लावू नये. गूगल डॉक्सची लिंक तर मुळीच पाठवू नये, कारण परवानगी दिलेली नसली की समोर "प्रवेशासाठी विनंती करा" अशी पाटी येते, आणि ती विनंती करत बसण्याइतका वेळ कोणाकडे नसतो. फोटो नसलेल्या दोन पानांच्या पीडीएफचा आकार काहीशे केबीच्या वर जाण्याचे कारण नाही. तो काही एमबी झाला असेल तर आत कुठेतरी चित्र आहे असे समजावे.

आता नाव. माझ्या डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये आज `Resume.pdf`, `Resume (1).pdf` अशी सुरुवात होऊन आकडा तीसच्या पुढे गेलेला आहे, कारण त्याच नावाची दुसरी फाइल आली की संगणक स्वतःच कंसात आकडा घालतो. पूर्वी एकदा यांतलीच एक मी भलत्याच जागेसाठी पुढे पाठवली होती, आणि खरेदी विभागाच्या व्यवस्थापकाला वेल्डरचा रेझ्युमे गेला होता. ती चूक माझीच होती, पण तीत नुकसान झाले ते ज्याची फाइल मागे राहिली त्या उमेदवाराचे.

रिक्रूटरला नावात काय हवे असते हे ओळखायला एक सोपी खूण आहे. नोकरी डॉट कॉमवरून आम्ही रेझ्युमे उतरवतो तेव्हा ते संकेतस्थळ स्वतःच फाइलला असे नाव देते:

```
Naukri_MeghaPatil[5y_0m].pdf
```

म्हणजे माणसाचे नाव आणि एकूण अनुभव. मेलने येणाऱ्या फाइलला ही सोय नसते, ती तुम्ही करायची आहे. तुमचे नाव मेघा पाटील आहे असे उदाहरणापुरते धरू. मग मी हे नाव सुचवीन:

```
Megha_Patil_Accounts_Payable_5Yrs.pdf
```

आधी नाव, मग काम, मग अनुभव. मेघा पाटील नावाच्या तीन उमेदवार एकाच फोल्डरमध्ये असणे पुण्यात मुळीच नवल नाही, म्हणून कामाचा उल्लेख हवाच. शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर किंवा आडवी रेघ चालते. तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम ही चिन्हे विंडोज फाइलच्या नावात घेतच नाही, आणि `&` किंवा `#` सारखी चिन्हे काही प्रणालींमध्ये अडतात, तेव्हा ती टाळावीत. `Final`, `New`, `Latest`, `Updated` हे शब्द काढून टाकावेत, कारण ते तुमच्या संगणकावरच्या जुन्या फाइलींच्या तुलनेत अर्थपूर्ण असतात आणि समोरच्याकडे त्या जुन्या फाइली नसतात. विंडोजमध्ये प्रकार दाखवणारी शेवटची अक्षरे लपवलेली असतात, म्हणून पुष्कळ जण नाव बदलताना स्वतःच `.pdf` लिहितात आणि फाइल `.pdf.pdf` होऊन जाते. फाइल उघडते, पण गबाळेपणा दिसतो.

नावाच्या क्रमाबद्दल आपल्याकडे एक खास घोटाळा होतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, त्यामुळे काही जण रेझ्युमेत `Patil Megha Suresh` लिहितात, फाइलवर `Megha Patil` आणि मेल आयडीत तिसरेच काही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत तर मेल आयडी माहेरच्या आडनावाचा, रेझ्युमे सासरच्या आणि पॅन कार्ड अजून जुन्याच नावाचे, असे नेहमी दिसते. याचा परिणाम असा होतो, की मुलाखतीची वेळ ठरल्यावर रिक्रूटर इनबॉक्समध्ये तुमचे नाव टाइप करून मेल शोधतो आणि त्याला तो मिळत नाही. रेझ्युमेच्या पहिल्या ओळीत, फाइलवर, मेलच्या शेवटी आणि मेल खात्यात दिसणाऱ्या नावात एकच रूप ठेवावे. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये आयडी न बदलताही हे दिसणारे नाव बदलता येते.

मेलचा विषय वेगळा विचार करून लिहावा. कन्सल्टन्सीने फोननंतर जागेचे वर्णन मेलने पाठवले असेल तर नवा मेल लिहू नये. त्याच मेलला उत्तर द्यावे आणि विषय तसाच राहू द्यावा, कारण त्यात बहुधा त्यांचा जागेचा क्रमांक असतो आणि ते त्याच क्रमांकाने शोधतात. तसा मेल आला नसेल, किंवा कंपनीच्या एचआरला स्वतःहून लिहायचे असेल, तर विषय असा असावा:

```
Accounts Payable Executive - Megha Patil - 5 yrs, Pune - 30 days notice
```

मोबाइलवर विषयाचे सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, म्हणून जागेचे नाव सर्वांत आधी ठेवले आहे. नुसते `Resume` किंवा `Job application` असा विषय असलेल्या मेलांची माझ्याकडे दररोज रांग असते.

आता मेलचा मजकूर, आणि तुमच्या "पीएफए"बद्दल. ट्रॅकरचे रकाने कन्सल्टन्सीगणिक थोडे बदलतात, पण साधारण हेच असतात: नाव, मोबाइल, मेल, एकूण अनुभव, त्या कामाचा अनुभव, सध्याची कंपनी, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटिस पीरियड, सध्याचे ठिकाण, कामाच्या ठिकाणी येण्याची तयारी. यातले पहिले सहा रेझ्युमेत मिळतात. उरलेले पाच रेझ्युमेत नसतात आणि नसावेतही. "पीएफए" एवढेच लिहून पाठवले तर त्या पाच रकान्यांसाठी रिक्रूटरला तुम्हाला पुन्हा फोन करावा लागतो. तुम्ही त्या वेळी कारखान्यात असता, फोन लागत नाही, आणि त्या संध्याकाळच्या यादीतून तुमची ओळ राहून जाते.

पुण्यातल्या या नोकऱ्यांचे पत्र इंग्रजीतच जाईल, पण त्यात काय सांगायचे ते दिसावे म्हणून कन्सल्टन्सीला जाणाऱ्या मेलचा मजकूर इथे मराठीत मांडतो. समजा जागा खराडीला आहे.

> आज दुपारी फोनवर बोलल्याप्रमाणे खराडी येथील अकाउंट्स पेएबल एक्झिक्युटिव्ह या जागेसाठी माझा रेझ्युमे वर्ड फाइलमध्ये जोडला आहे.
>
> चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी पाच वर्षे काम करत आहे. दरमहा सुमारे ९०० व्हेंडर बिले एसएपीमध्ये नोंदवणे, ती खरेदी ऑर्डर आणि जीआरएनशी पडताळणे, टीडीएस कापणे आणि जीएसटीआर-२बीशी मेळ घालणे ही माझी जबाबदारी आहे.
>
> सध्याचा सीटीसी: ४.८० लाख (स्थिर ४.४०, बदलता ०.४०)
> अपेक्षित सीटीसी: ६ लाख, चर्चेस तयार
> नोटिस पीरियड: ३० दिवस
> ठिकाण: चिंचवड, खराडीला रोज येण्याची तयारी आहे
>
> माझा रेझ्युमे एखाद्या कंपनीकडे पाठवण्यापूर्वी कृपया त्या कंपनीचे नाव मला कळवावे.

खाली नाव आणि मोबाइल नंबर. सुरुवातीला फोनवर बोललेल्या व्यक्तीचे नाव घ्यावे. ते नीट ऐकू आले नसेल तर "नमस्कार" पुरे; "रिस्पेक्टेड सर" असे लिहून तो मेल एखाद्या बाईंना जातो तेव्हा पहिल्याच शब्दात चूक होते. "आपण कुशल असाल अशी आशा आहे" या थाटाचे वाक्यही पहिले नसावे, कारण इनबॉक्समध्ये विषयाच्या शेजारी मेलची पहिली ओळ दिसते आणि ती जागा तुम्ही शिष्टाचारावर खर्च केलेली असते.

पगाराची ओळ लिहिताना लोक सर्वांत जास्त चुकतात. हातात येणाऱ्या रकमेला बाराने गुणून तो आकडा सीटीसी म्हणून देतात. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा आणि बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीही धरलेली असते, त्यामुळे हातात ३२,००० रुपये येत असतील तर गुणाकार ३.८४ लाख येतो आणि पत्रावरचा आकडा ४.८० लाख असू शकतो. आकडा शेवटच्या वेतनवाढीच्या पत्रावरून घ्यावा आणि स्थिर व बदलता भाग वेगळा दाखवावा. उलट दिशेने फुगवूनही उपयोग नाही; पुढे पगारपत्रके आणि तेच पत्र मागितले जाते आणि आकडा जुळला नाही तर हाती आलेला प्रस्ताव थांबतो. नोटिस पीरियडही नेमणूकपत्रात आहे तोच लिहावा. राजीनामा दिलेला असेल तर दिवसांऐवजी शेवटच्या दिवसाची तारीख द्यावी, तिला जास्त किंमत असते.

ठिकाणाची ओळ किरकोळ वाटेल, पण चिंचवडहून खराडीला रोज जाणे म्हणजे काय हे पुण्यातल्या प्रत्येक रिक्रूटरला माहीत आहे. प्रवासाच्या कारणावरून शेवटच्या क्षणी माघार घेणारे उमेदवार त्याने पाहिलेले असतात, तेव्हा तुम्ही आपणहून लिहिलेले ते एक वाक्य त्याची शंका आधीच मिटवते. खरोखर तयारी नसेल तर मात्र लिहू नये.

शेवटची विनंती मी मुद्दाम घातली आहे. दोन कन्सल्टन्सींनी एकाच कंपनीत तुमचा रेझ्युमे दिला तर शुल्क कोणाचे, यावरून वाद होतो, आणि पुष्कळ कंपन्या तो वाद सोडवण्यापेक्षा उमेदवारच बाजूला ठेवतात. मैत्रिणीने दिलेल्या आयडीची कंपनी आणि कन्सल्टन्सीची कंपनी एकच निघाली, तर दोन्हीकडून जाऊ नये. मी तुमच्या जागी असतो तर ओळखीची वाट धरली असती आणि कन्सल्टन्सीला तसे स्पष्ट कळवले असते.

कंपनीच्या एचआरला जाणाऱ्या मेलमध्ये दोन बदल करावेत. पहिल्या वाक्यात मैत्रिणीचे नाव आणि तिचा विभाग यावा, अर्थात तिला विचारूनच. कारण पुष्कळ ठिकाणी ओळखीने आलेल्या उमेदवारांची वेगळी नोंद होते. आणि पगाराच्या दोन ओळी काढून टाकाव्यात. तिथे तुम्हाला कोणी आकडा विचारलेला नाही, आणि आधी सांगितलेला अपेक्षित आकडा नंतर वर नेता येत नाही. नोटिस आणि ठिकाण मात्र ठेवावे. हे सल्ले सगळेच देतील असे नाही. काही रिक्रूटरांना पगार पहिल्याच मेलमध्ये हवा असतो, पण तसे असेल तर ते विचारतात.

कव्हर लेटरची वेगळी फाइल जोडू नये, ती मागितली असेल तरच द्यावी. वरचा मजकूर हेच तुमचे कव्हर लेटर आहे. आधार, पॅन, गुणपत्रिका, पगारपत्रके पहिल्या मेलला जोडू नयेत. तुमचा मेल किती जणांकडे फिरेल यावर तुमचे काही नियंत्रण नाही, आणि ही कागदपत्रे निवड झाल्यावर लागतात. सध्याच्या कंपनीच्या मेल आयडीवरून पाठवणे तर दोन्हीकडे अडचणीचे.

पाठवताना क्रम उलटा ठेवावा: आधी फाइल जोडावी, मग मजकूर लिहावा, आणि कोणाला पाठवायचे तो आयडी सर्वांत शेवटी भरावा. अर्धवट मेल चुकून जाणे त्यामुळे शक्यच राहत नाही. जोडलेली फाइल पाठवण्यापूर्वी मेलमधूनच एकदा उघडून पाहावी, फोल्डरमधून नव्हे, कारण चुकीची फाइल जोडली गेली आहे हे तिथेच कळते. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत सेटिंग्जमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती आजच वाढवून ठेवावी.

इतके करूनही चुकीची फाइल गेलीच, तर नवा मेल न करता पाठवलेल्या मेललाच उत्तर म्हणून बरोबर फाइल पाठवावी आणि एकच वाक्य लिहावे, की आधीची फाइल वगळून ही घ्यावी. या दुसऱ्या फाइलच्या नावात तेवढा एक फरक करावा, शेवटी महिना जोडावा, जसे `Megha_Patil_Accounts_Payable_5Yrs_June.pdf`. नाव तेच ठेवले तर समोरच्या फोल्डरमध्ये ती `(1)` होऊन बसेल, आणि पुढे पाठवताना जुनीच उचलली जाईल.